दहा दिवसांचा पहारा

१८९७ सालच्या मार्च महिन्याच्या १९ तारखेला इटलीतल्या व्हेनिस शहरी एका करारनाम्यावर सह्या झाल्या. युरोपातली बहुतेक राष्ट्रे तिथे जमली होती, आणि जमण्याचे कारण होते मुंबई. त्या कागदात एक आकडा लिहिला गेला: दहा दिवस. प्लेगच्या गावाहून आलेल्या माणसावर जास्तीत जास्त इतके दिवस नजर ठेवायची, त्याहून जास्त नाही. कडोली, बेळगाव, निपाणी या आमच्या पट्ट्याचा व्हेनिसशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. पण कोगनोळीच्या नाक्यावर २०२१ साली आम्ही हातात आरटीपीसीआरचा कागद धरून उभे होतो, त्या रांगेचे मूळ शोधत गेले तर ते व्हेनिसला आणि त्याआधी मुंबईच्या मांडवी बंदराला जाऊन पोचते.

मांडवी म्हणजे तेव्हा धान्याच्या वखारींचा भाग. गोदीला लागून पोती, पोत्यांत उंदीर, आणि वखारींच्या वर दाटीवाटीने राहणारी माणसे. सप्टेंबर १८९६ मध्ये तिथे माणसे ताप येऊन, जांघेत किंवा काखेत गाठ येऊन मरू लागली. डॉ. अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याच्या हडफड्याचे. त्यांनी हा प्लेग आहे हे ओळखले आणि तसे जाहीरपणे सांगितले. केसरीसारख्या पत्रांतून या रोगाला 'ग्रंथिक सन्निपात' असे नाव मिळाले. घरोघरच्या तोंडी मात्र 'गाठीचा ताप' आणि 'पिलेग' हेच शब्द राहिले. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगला हीच साथ उसळली होती आणि तिथे यर्सिन या शास्त्रज्ञाने तिचा जंतू शोधला होता. मुंबई-हाँगकाँग आगबोटींची ये-जा सतत चालू होती. म्हणजे साथ मुंबईत आली तीच मुळी परदेशी प्रवाशासारखी, बंदरातून. तिला अडवणारे मात्र कोणी नव्हते, कारण ती माणसाच्या अंगातून नव्हे तर बहुधा उंदरांच्या अंगावरून उतरली होती.

साथ जाहीर झाली आणि मुंबई रिकामी होऊ लागली. आठ लाखांवर वस्तीच्या शहरातून फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेतीन-चार लाख माणसे निघून गेली. कोकणातले गिरणी कामगार बोटींनी आणि पायी गेले, घाटावरचे आगगाडीने. दुसरीकडे युरोपात घबराट झाली. मुंबईचा कापूस, कातडी आणि धान्य घेऊन निघालेल्या जहाजांना कोणत्या बंदरात घ्यायचे? त्याहून मोठी काळजी होती हज यात्रेची. मुंबईहून हजारो यात्रेकरू जेद्दाला जात, तिथे त्यांची इजिप्त, तुर्कस्तान, अल्जीरियाच्या यात्रेकरूंशी गाठ पडे, आणि तिथून रोग भूमध्य समुद्रात उतरेल ही भीती होती. १८६५ साली कॉलऱ्याने हाच रस्ता धरला होता, त्यामुळे ती भीती पोकळ म्हणता येणार नाही.

ब्रिटिश सरकारची अडचण वेगळी होती. कडक क्वारंटाइन म्हणजे व्यापार बुडणार, आणि काहीच केले नाही तर युरोपातली राष्ट्रे हिंदुस्थानच्या जहाजांना बंदरे बंद करणार. म्हणून व्हेनिसची परिषद १६ फेब्रुवारीला भरण्याच्या आधीच दिल्या शब्दासाठी काहीतरी करून दाखवणे भाग होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. कायदा अगदी छोटा, पण त्यातली एक तरतूद मोठी: जहाजांची, आणि रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना रुग्णालयात वा तात्पुरत्या जागेत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याच महिन्यात मुंबई बंदरातून हजला जाणे बंद करण्यात आले. पुण्यात रँडची नेमणूक, गोऱ्या सोल्जरांच्या घरझडत्या आणि २२ जूनचा गणेशखिंडीचा प्रसंग हा इतिहास आमच्या वाचकांना पाठ आहे, तो इथे पुन्हा सांगत नाही. एवढेच लक्षात आणून देतो की पुण्याच्या त्या झडत्यांमागे एक डोळा व्हेनिसवरही होता. आम्ही उपाय करतो आहोत हे जगाला दाखवायचे होते.

आता तो करारनामा काय म्हणत होता ते पाहू, कारण आजचे नियमही त्याच सांगाड्यावर उभे आहेत.

पहिली गोष्ट, लपवाछपवी नको. ज्या देशात प्लेग दिसला त्याने बाकीच्यांना लगेच तारेने कळवायचे. दुसरी गोष्ट, बंदर सोडतानाच तपासणी. लागण झालेल्या बंदरात प्रत्येक माणसाला डॉक्टरने जहाजावर चढण्यापूर्वी, जमिनीवर आणि दिवसाउजेडी तपासायचे. दिवसाउजेडी हा शब्द मुद्दाम घातला आहे, कंदिलाच्या प्रकाशात गाठ चुकते. तिसरी गोष्ट, पोचणाऱ्या जहाजांचे तीन वर्ग. जहाजावर रोगी असेल किंवा गेल्या बारा दिवसांत झाला असेल तर ते 'लागण झालेले' जहाज. वाटेत रोगी झाला होता पण बारा दिवसांत नवा कोणी नाही, तर 'संशयित'. आणि निघाल्यापासून कोणीच आजारी नाही तर 'निरोगी', मग ते मुंबईहून का आलेले असेना. माल अडवायचा तर तोही ठरावीक: वापरलेले कपडे, अंथरूण-पांघरूण, चिंध्या, जुनी पोती, कच्ची कातडी, केस. चहा, कापूस, धान्य यांना वाट मोकळी.

धान्याला मोकळी वाट! ज्या पोत्यांतून उंदीर बंदरोबंदरी फिरत होते ती पोती चालली आणि बिचाऱ्या प्रवाशाचे अंथरूण मात्र वाफेच्या भट्टीत गेले. उंदीर आणि पिसू यांचे नाव १८९७ च्या त्या व्यवहारात कुठेच नव्हते, त्याकडे पुढे येऊच.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 'ठेवून घेणे' आणि 'नजर ठेवणे' यांतला फरक. ठेवून घेणे म्हणजे माणसाला जहाजावर किंवा बंदराच्या छावणीत मुदत संपेपर्यंत वेगळे ठेवायचे आणि मगच सोडायचे. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर यात्रेकरूंना असेच ठेवत. नजर ठेवणे म्हणजे माणसाला उतरू द्यायचे, जाऊ द्यायचे, पण तो कुठे चालला ते तिथल्या अंमलदाराला कळवायचे आणि मुदत संपेपर्यंत तिथे त्याची तपासणी करायची. इंग्लंड कायम दुसऱ्या पद्धतीच्या बाजूचे होते, कारण त्यांच्याकडे गावोगावी आरोग्य अधिकारी होते. भूमध्य समुद्राकाठचे देश पहिल्या पद्धतीचे. १९०३ च्या पॅरिस करारात हे दोन्ही शब्द व्याख्येसह वेगवेगळे लिहिले गेले. विमानतळावरून आल्यावर हातावर शिक्का मारून 'घरीच राहा' असे सांगत, ती दुसरी पद्धत. सरकारी वसतिगृहात चौदा दिवस ठेवत ती पहिली.

आता व्हेनिसहून आमच्या लोहमार्गावर येऊ. पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा ही सदर्न मराठा रेल्वेची वाट तेव्हा नवी होती. लोंढ्याहून एक फाटा कॅसलरॉकमार्गे पोर्तुगिजांच्या मुरगाव बंदराला जाई आणि मुख्य वाट धारवाड-हुबळीकडे. म्हणजे आमच्या मुलखाला एकाच रुळावरून दोन बंदरे जोडलेली, वर मुंबई आणि खाली मुरगाव. साथीला आणखी काय हवे!

रेल्वे तपासणीची ठाणी सगळ्या इलाख्यात उभी राहिली. मुंबईहून सुटलेल्या गाड्यांसाठी कल्याण हे मोठे ठाणे. गाडी थांबली की सगळ्यांना खाली उतरवायचे, फलाटावर रांगेत उभे करायचे, डॉक्टरने चेहरा आणि डोळे पाहायचे, नाडी बघायची, संशय आल्यास तापमापक लावायचा आणि मान, काख, जांघ चाचपायची. ताप किंवा गाठ सापडली तर माणूस रुग्णालयात आणि त्याच्याबरोबरचे छावणीत. बायकांना परपुरुषाने, त्यातून गोऱ्या डॉक्टरने, चारचौघांत तपासायचे यावरून केवढा संताप उठला ते तेव्हाच्या वर्तमानपत्रांत भरून राहिले आहे. नंतर पडदे आले, काही ठिकाणी स्त्री डॉक्टर आणि परिचारिका आल्या. पण पहिल्या तीन-चार महिन्यांत जे गेले ते गेलेच. लोक आजारी माणसाला लपवू लागले, तपासणीच्या ठाण्याआधीच्या स्टेशनावर उतरून चालत जाऊ लागले.

अपमान सोडा, पण या तपासणीने रोग अडला का? हिशेब करून पाहू. समजा, मांडवीतला एक कारकून सोमवारी संध्याकाळी बेळगावची गाडी पकडतो. त्याला रविवारी पिसू चावली आहे. प्लेगची लक्षणे चावल्यापासून साधारण दोन ते सहा दिवसांनी दिसतात. सोमवारी रात्री कल्याणला त्याची नाडी ठीक, ताप नाही, गाठ नाही. डॉक्टर त्याला सोडणार, आणि सोडणे चूकही नाही, कारण दिसण्यासारखे काही नाहीच. दीड-दोन दिवसांत तो बेळगावला पोचतो, टांगा करून घरी जातो. गुरुवारी त्याला ताप भरतो. कल्याणच्या तपासणीच्या वहीत त्याच्या नावापुढे 'निरोगी' असे लिहिलेले असणार. फलाटावरची तपासणी फक्त आज आजारी असलेल्याला पकडते. परवा आजारी पडणाऱ्याला पकडायचे तर एकतर त्याला दहा दिवस कल्याणला ठेवून घ्यायला हवे, म्हणजे रोज हजारो माणसे, आणि तेवढी छावणी कुणाकडे नव्हती. नाहीतर बेळगावच्या अंमलदाराला त्याचे नाव-गाव कळवून तिथे रोज हजेरी घ्यायला हवी.

शेजारच्या मद्रास इलाख्याने हीच दुसरी वाट धरली. लागण झालेल्या भागातून येणाऱ्या प्रवाशाला एक परवाना मिळे, त्याला लोक 'प्लेग पासपोर्ट' म्हणत. त्यावर नाव, कुठून आला, कुठे उतरणार ते लिहिलेले. त्याने उतरल्या गावी दहा दिवस रोज अंमलदारापुढे हजर व्हायचे. व्हेनिसचा दहाचा आकडा असा गावच्या पाटलापर्यंत उतरला. यात गैरसोय कमी होती, पण खोटा पत्ता देणारेही पुष्कळ निघाले. पत्ता खरा आहे की नाही हे तो माणूस दुसऱ्या दिवशी न आल्यावरच कळते.

मुंबईहून इंग्लंडला जाणाऱ्या जहाजाला मात्र ही अडचण फारशी नव्हती. तो प्रवास दोन-तीन आठवड्यांचा. कुणी अंगात रोग घेऊन चढला असेल तर एडन किंवा सुवेझ येईपर्यंत तो आजारी पडलेलाच असे. समुद्रच त्याला दहा दिवस ठेवून घेत होता. बंदरावरचा पहारा चालला तो या संथपणामुळे. आगगाडीने ती मुदत खाल्ली. पुढे विमानाने तर काहीच शिल्लक ठेवले नाही.

साथ आमच्याकडे आली ती आलीच. १८९७-९८ च्या हंगामात बेळगाव, धारवाड, हुबळी, गदग या गावांची नावे प्लेगच्या अहवालांत आहेत. मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली होती आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली होती. तिचा उपयोग मोजण्यासाठी ज्या ठिकाणांचे आकडे त्यांनी मांडले त्यांत उरण, दमण, लोणावळा, खडकी, हुबळी यांच्याबरोबर बेळगावही आहे. लस टोचलेल्यांत लागण आणि मृत्यू दोन्ही कमी होते, पूर्ण थांबलेले मात्र नव्हते. सामान्य माणसाने जो उपाय केला तो सरकारी नव्हता: उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचे आणि माळावर, मळ्यात खोपी घालून राहायचे. आमच्या भागातल्या जुन्या घरांत 'पिलेगात रानात राहिलो' अशी वाक्ये आजी-पणजीच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या आली आहेत. शास्त्राच्या दृष्टीने हाच उपाय सगळ्यांत सरस होता, कारण माणसे उंदरांपासून दूर जात होती.

तो पुरावा सिद्ध व्हायला आणखी काही वर्षे लागली. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत उंदराची पिसू रोग नेते हे प्रयोगाने दाखवले, पण त्याचे कुणी फारसे मनावर घेतले नाही. १९०५ नंतर मुंबईच्या परळच्या प्रयोगशाळेत, जी पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली, तो प्रश्न निकालात निघाला. प्लेगच्या घरांत गिनीपिगांचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या जनावरांना प्लेग झाला, दोन फुटांवर टांगलेल्यांना झाला नाही. हवा दोन्हीकडे तीच, पण पिसूची उडी दोन फुटांची नाही. कल्याणच्या फलाटावरचा सगळा खटाटोप या दोन फुटांच्या अंतराने निरर्थक ठरला. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला सहसा होतच नाही.

यानंतर बंदरांचे काम बदलले. प्रवाशाऐवजी जहाजाकडे लक्ष गेले. दोरखंडावरून उंदीर चढू-उतरू नयेत म्हणून त्यावर पत्र्याच्या गोल तबकड्या बसवू लागले. कोणत्याही गोदीत गेलात तर आजही त्या दिसतील. गंधकाचा धूर सोडून जहाजाचे पोट उंदीरमुक्त करायचे आणि तसा दाखला द्यायचा, हे १९२६ च्या करारात आले. त्या दाखल्याची मुदत सहा महिन्यांची होती, आणि आज जहाजाला जो आरोग्य दाखला लागतो त्याचीही मुदत सहाच महिने आहे. बंदरात शिरताना जहाज पिवळे निशाण लावते. ऐकीव समज असा की पिवळे निशाण म्हणजे आत साथ. आजच्या संकेतात अर्थ उलट आहे: माझे जहाज निरोगी आहे, मला बंदरात यायची परवानगी द्या.

स्वातंत्र्यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेने जुने करार एकत्र करून एकच नियमावली केली, १९६९ साली तिला आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम हे नाव मिळाले. देवीच्या दाखल्याचे पिवळे पुस्तक ज्यांनी पासपोर्टबरोबर जपले असे वाचक अजून असतील. पहिल्यांदा टोचल्यावर आठ दिवसांनी दाखला लागू होई आणि तीन वर्षे चाले. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाचे नाव त्या देवीच्या लशीवरूनच आहे, तिथे खेळायला जाणाऱ्या पोरांना ते माहीत असतेच असे नाही. देवी गेली आणि दाखलाही गेला. आज नियमित दाखला फक्त पिवळ्या तापाचा उरला आहे. आफ्रिकेत नोकरीला असलेली आमची मुले तो घेऊन येतात. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी तो लागू होतो आणि २०१६ पासून जन्मभर चालतो. दाखला नसेल तर भारतात सहा दिवस ठेवून घेतात. हे कडक वाटते, पण त्यामागचे कारण साधे आहे: तो ताप पसरवणारा डास आपल्या घरोघरी आहे आणि ताप मात्र अजून या देशात आलेला नाही.

१९९४ साली ही जुनी नियमावली पुरती उघडी पडली. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेला फुप्फुसाचा प्लेग. सुरतेतून काही दिवसांत लाखो माणसे पळाली, त्यांत खानदेशातले यंत्रमाग कामगार पुष्कळ होते. नियम काय सांगत होते? प्लेगचा मुदतकाळ सहा दिवस, निघणाऱ्या प्रवाशांची तपासणी, विमाने आणि जहाजे उंदीर-पिसवांपासून मुक्त, बस. याहून जास्त करायचे नाही, कारण त्या नियमांत उपायांची कमाल मर्यादा ठरवलेली होती. प्रत्यक्षात आखाती देशांनी विमानेच बंद केली, काहींनी भारतीय खाद्यपदार्थ अडवले, युरोपच्या विमानतळांवर भारतीय प्रवाशांना बाजूला घेऊन तपासले. संघटनेने प्रवासबंदी नको असे सांगितले, पण ऐकले कोणी नाही, कारण न ऐकणाऱ्याला शिक्षा नव्हती. मृत्यू साठच्या आत होते आणि नुकसान अब्जावधी रुपयांचे. पुढच्या वेळी साथ झाली तर कोणते सरकार खरे सांगेल? १८९७ चा पेच होता तसाच होता: खरे सांगणाऱ्याला दंड, लपवणाऱ्याला फायदा.

२००३ च्या सार्स साथीनंतर नियम नव्याने लिहिले गेले. ते २००५ साली मंजूर झाले आणि १५ जून २००७ पासून लागू झाले. आता नियम ठरावीक रोगांच्या यादीपुरते नाहीत. कोणतीही घटना गंभीर आहे का, अनपेक्षित आहे का, देशाबाहेर पसरेल का, व्यापार-प्रवासावर बंधने येतील का, हे चार प्रश्न विचारायचे. दोनांची उत्तरे होय आली तर चोवीस तासांत संघटनेला कळवायचे. भारतात हे काम दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे आहे. सरकार गप्प बसले तरी वर्तमानपत्रातल्या बातमीवरून संघटना जाब विचारू शकते, ही तरतूद लपवण्यावरचा खरा तोडगा आहे. आणि बत्तिसावे कलम वाचताना तर कल्याणचा फलाट डोळ्यांसमोर येतो. प्रवाशाला सन्मानाने वागवा, स्त्री-पुरुष, समाज, धर्म यांच्या भावना लक्षात घ्या, ठेवून घेतले तर अन्न-पाणी द्या, असे त्यात लिहिले आहे. हे लिहायला शंभरावर वर्षे लागली. चाळिसाव्या कलमाप्रमाणे क्वारंटाइनचा खर्च सर्वसाधारण प्रवाशाकडून घ्यायचा नाही. पण २०२० साली परदेशातून परतलेल्या आमच्या घरच्या मुलांनी हॉटेलची बिले स्वतः भरली, आणि जगात बहुतेक ठिकाणी तसेच झाले.

त्याच वर्षी कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी महाराष्ट्र सरकारने काढलेला नियम आठवतो का? गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला होती. गावी जायचे तर १२ ऑगस्टच्या आत पोचायचे आणि दहा दिवस घरीच विलग राहायचे, त्यानंतर निघणाऱ्याने चाचणी करून यायचे. रोग नवा, विषाणू नवा, आकडा मात्र व्हेनिसचाच. योगायोग असेल, पण दहा दिवसांनी गणपतीच्या आगमनाशी हिशेब नेमका जुळला होता.

आमच्या सीमेवर पुढच्या वर्षी वेगळाच हिशेब चालला. महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल हवा, असे कर्नाटक सरकारने ठरवले आणि निपाणी तालुक्यातल्या कोगनोळी नाक्यावर राष्ट्रीय महामार्गावर गाड्या थांबवल्या जाऊ लागल्या. मांडवीच्या कारकुनासारखेच इथेही मांडून पाहा. कोल्हापूरच्या माणसाला शनिवारी लागण झाली. सोमवारी सकाळी त्याने घशातला नमुना दिला. लागण होऊन दोन दिवस झाले होते, अशा वेळी चाचणीत विषाणू बहुधा सापडत नाही. मंगळवारी निगेटिव्ह अहवाल आला, बुधवारी तो नाका ओलांडून निपाणीत आला आणि गुरुवारी खोकू लागला. कागद खरा, मुदतीतला, शिक्का असलेला, आणि तरी उपयोगाचा नाही. चाचणीच्या कागदाने सोमवारपर्यंतचे सांगितले, पुढचे नाही. नाक्यावर काहीच पकडले गेले नाही असे नाही. काही रोगी तिथे येण्याआधीच चाचणीत सापडून घरी थांबले असतील, आणि गर्दीच्या लाटेत तेवढाही फरक मोलाचा असतो. पण बाकीच्यांसाठी खरी गरज होती ती पोचल्यावर काही दिवस नजर ठेवण्याची, म्हणजे मद्रासच्या परवान्याची.

आणखी एक गोष्ट सीमाभागातल्या लोकांनी माहीत करून घेण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय नियम कोगनोळीला लागू होत नाहीत, ते देशादेशांमधले आहेत. तिथे आपल्या राज्यघटनेची सातवी अनुसूची चालते. बंदरावरचे क्वारंटाइन हा केंद्राच्या यादीतला २८ वा विषय, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांचे क्वारंटाइन हाही केंद्राच्याच यादीतला, ८१ वा. साथ एका राज्यातून दुसऱ्यात पसरू नये हा विषय मात्र दोघांच्या सामाईक यादीत, २९ वा. त्यामुळे नाक्यावर कोणाचा हुकूम चालतो हे तिथल्या पोलिसालाही सांगता येत नसे. चंदगड, कागल, गडहिंग्लजच्या लोकांना बेळगाव आणि निपाणीची बाजारपेठ रोजची, आणि आमच्या बाजूचे लोक शिनोळीच्या कारखान्यांत कामाला. रोज जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्या माणसासाठी ७२ तासांचा कागद म्हणजे आठवड्याला दोन चाचण्या. दहा दिवस नजर ठेवायची म्हटले तर त्याचे दहा दिवस कधी सुरूच होत नाहीत, कारण तो रोजच प्रवासी असतो. व्हेनिसच्या कागदात जहाजांचे तीन वर्ग केले होते. रोज सीमा ओलांडणारा माणूस त्यांपैकी कशात बसतो ते तेव्हा कुणी लिहिले नव्हते, आणि २०२१ च्या परिपत्रकांत तो निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या रांगेत उभा होता.